आबा, साईटस्क्रीन आणि डेड बॉल

स्कोअररला मॅच चालू असताना बोलायला लावू नये, हे साधं शहाणपण आहे. पण सोलापुरातल्या आमच्या मैदानावर मांडव एकच, सावली एकच, आणि त्या सावलीत स्कोअररचं टेबल. मग ज्याला ऊन लागतं तो येऊन आमच्या उरावर बसतो. शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून उभा जन्म पोरांवर ओरडण्यात गेला, त्यामुळे माझं तोंडही काही गोड नाही. त्या दिवशी मुलींची वीस षटकांची मॅच होती, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले ते मोहोळकडच्या एका वाडीतले आबा. धोतर, पायात जाड वहाणा, डोक्याला लालभडक फेटा.

"ती लांब येणीची बॉलर हाय न्हवं, माझी नात," त्यांनी मला सांगून टाकलं. "मामाकडं शिकाय ठिवली हुती, तर हे खूळ लागलं. दहावीचं वरीस हाय. आज न्यायलाच आलोय. म्हनलं, एकदा बघावं तरी काय खेळत्यात, मग संध्याकाळच्या गाडीनं घरी."

नातीला हे ठाऊक होतं. बाउंड्रीजवळ फिल्डिंगला आली की चोरून आजोबांकडे बघायची आणि ओठ चावायची. मला तिची दया आली. चांगली बॉलर होती हो, हातात वळण होतं. पण मी कोण सांगणार?

तिने पहिलाच बॉल लेगला लांब टाकला. पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले.

"हे काय? आता मी काय करू म्हनतोय व्हय?"

"वाईड आहे, आबा. बॉल बॅटच्या टप्प्याबाहेरून गेला. समोरच्यांना एक रन फुकट, आणि बॉल पुन्हा टाकायचा."

मी पंचांकडे बघून हात वर केला. आबा माझ्याकडे निरखून बघायला लागले.

"वळखीचा हाय का त्यो?"

"अहो, ओळखीचं काय त्यात! त्यांनी खूण केली की मी बघितली म्हणून हात करायचा. नाहीतर ते तसेच उभे राहतात, खेळ पुढे सरकत नाही."

"म्हंजी तुमच्यावाचून अडतंय की!" आबा खूश झाले. मीही, खरं सांगायचं तर, जरा फुगले.

मग प्रश्नांची सरबत्तीच. पंचांनी एक हात छातीसमोरून इकडून तिकडे हलवला, तर आबा म्हणाले, "ताटावरच्या माशा हाकलतोय." मी म्हटलं, चौकार, बॉल जमिनीला लागून हद्दीबाहेर गेला. दोन्ही हात डोक्यावर उचलले, तर "शरण गेला का?" म्हटलं, षटकार, अधांतरीच बाहेर गेला. एक हात आडवा म्हणजे नो बॉल. पाय उचलून गुडघ्याला हात लावला, तेव्हा आबांना खरंच वाटलं की पंचाला कळ आली. ते उठून बघायला लागले. "लेगबाय हो! बॉल अंगाला लागून रन निघाली, बॅटला नाही." शेजारी दुसऱ्या संघाचा स्कोअरर बसला होता, तो हसून हसून पेन्सिल खाली पाडायला लागला. मी वैतागत होते, पण उत्तरं देत होते. विचारणारा मनापासून विचारत असला की मला गप्प बसवत नाही, काय करू?

हळूहळू आबा मला विचारण्याआधीच सांगायला लागले. "वाईड! हात करा, बाई, हात करा!"

मॅच शेवटच्या षटकात आली. बॉल नातीच्या हातात. समोरची शेवटची जोडी खेळत होती. शेवटच्या बॉलला दोन रन हव्या होत्या. मी कागदात मान घातली, आणि मान वर केली तर शेजारची खुर्ची रिकामी.

नात धावत आली, बॉल टाकला, आणि मधला स्टंप उडाला. पोरींनी किंचाळत तिला उचललंच. आणि पंच? पंच वाकून दोन्ही मनगटं कमरेखाली एकमेकांवरून आडवी-तिडवी फिरवत होते. डेड बॉल.

मी वर बघितलं. बॉलरच्या मागे जो पांढरा पडदा असतो ना, साईटस्क्रीन, म्हणजे बॅट्समनला पांढऱ्यावर बॉल नीट दिसावा म्हणून लावलेला, त्याच्या बरोब्बर पुढे आमचा लालभडक फेटा उभा. नातीचा बॉल तिच्या मागून, सरळ रेषेत बघायचा म्हणून आबा तिथे चालत गेले होते. बॅट करणारी पोर बॉल येण्याआधीच बाजूला झाली होती.

आबा तरातरा परत आले. रागाने लाल. "दांडकं उडालं की! डोळं फुटलं का पंचाचं? हे खाली हात घासणं कसलं?"

"डेड बॉल. खेळणारीचं लक्ष विचलित झालं, तर तो बॉल धरायचाच नाही. आउट नाही, रन नाही, षटकात मोजायचाही नाही. पुन्हा टाकायचा."

आबांनी क्षणभर विचार केला. "कुस्तीत गडी आखाड्याभायेर गेला की मधी आनून परत लावत्यात, तसं?"

"तस्संच."

"मग बरूबर हाय की पंचाचं. पर लक्ष कुणी घालवलं तिचं?"

माझी जीभ काही आवरत नाही. "तुम्ही, आबा. तुम्ही पडद्यापुढे गेलात."

ते खुर्चीत बसले. मला स्वतःचा राग आला. जरा गोड बोलता आलं नसतं का मला?

नातीने बॉल पुन्हा टाकला. चांगलाच होता, पण समोरची पोर आता सावध होती. कव्हरमधून सणसणीत चौकार. पंचांनी छातीसमोरून हात हलवला, मी हात वर केला. आबांनी मान खाली घातली होती. मॅच गेली.

पोरी रडत रडत हस्तांदोलन करत होत्या. आबा हळूच म्हणाले, "बाई, पंचानं खून केली आन मागनं कळलं की चुकलं, तर काय करतोय त्यो?"

"तशीही खूण आहे. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन उलट्या खांद्यांना लावायचे. म्हणजे आधीचं मागे घेतलं." मी करून दाखवलं आणि कागद आवरायला लागले.

नात पाठीवर किट घेऊन आमच्या दिशेने आली. डोळे सुजलेले. "चला आबा. सामान भरून ठेवलंय मामाकडं."

आबा उठले. दोन्ही हात छातीवर आडवे घेतले आणि उलट्या खांद्यांना लावले. जाडजूड बोटं, नीट, पंचासारखी.

पोर बघतच राहिली. मग किट खाली टाकलं आणि आजोबांच्या छातीला डोकं लावून असं हमसून रडली, की मलाही राहवेना. मी तिथे बसून नाक पुसत होते आणि शेजारचा स्कोअरर टोटल विचारत होता.

"दहावीचा आब्यास बी करायचा, सांगून ठिवतो," आबा तिच्या डोक्यावर हात फिरवत दरडावत होते. मग माझ्याकडे वळले. "आन बाई, फुडल्या मॅचला कुटं हुबं ऱ्हायचं न्हाय, ते आत्ताच दावून ठिवा मला."