नाव दुमडून

आमच्या इस्पितळाच्या तळघरात, प्रयोगशाळेच्या बरोब्बर खाली, संगणक विभागाची खोली आहे. तिथे भिंगकाका बावीस वर्षं बसले आणि मी त्यांच्या शेजारी पंधरा वर्षं. ते नऊला यायचे, मी दहाला. नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं, पण ते त्यांना चिकटलं, कारण अडीचशे ओळींच्या लॉगमधली एक वाकडी ओळ त्यांना चहा ढवळता ढवळता दिसायची. मला तेव्हा त्याचा राग यायचा. मी तासभर डोळे फोडायचे आणि हे गृहस्थ चमच्यानं बोट दाखवायचे.

कोण कधी, कुठल्या यंत्रावरून आत शिरलं, कुणाचा पासवर्ड चुकला, हे सगळं त्या लॉगमध्ये उतरतं. काका तो कागदावर छापून घ्यायचे. साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, कागद वाया जातो म्हणून कुरकुरायचे. काका ढिम्म. छापलेला कागद घेऊन ते वापरकर्त्याच्या नावाचा रकाना मागे दुमडायचे आणि मग वाचायला लागायचे.

"आधी नाव दुमड," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "नाव दिसलं की चेहरा दिसतो. चेहरा दिसला की आपण चुकीचं वाचतो."

उरलेल्या रकान्यांतून त्यांनी मला माणूस ओळखायला शिकवलं. पासवर्ड फोडायला बसलेलं यंत्र सेकंदाला दहा-दहा वेळा दार ठोठावतं. हुशार असेल तर दहा मिनिटांनी एकदा, पण घड्याळ लावल्यासारखं. बहुतेक वेळा बाहेरून येतं, आणि एका नावावर भागलं नाही तर साऱ्या नावांवर फिरतं, नसलेल्या नावांवरसुद्धा. विसरलेला माणूस आपल्याच यंत्रावर, आपल्याच वेळेला बसतो. दोनदा पटापट चुकतो, कारण त्याला वाटतं बोट घसरलं. मग थांबतो. आठवतो. पुन्हा चुकतो. पाच चुका झाल्या की खातं पंधरा मिनिटं बंद होतं. तेवढ्यात तो पाणी पिऊन येतो.

आणि गडबडलेला माणूस आणखी एक करतो. नावाच्या चौकटीतच पासवर्ड टाकतो. लॉग पासवर्ड कधी लिहीत नाही, पण नाव लिहितो. त्यामुळे त्या बिचाऱ्याचा पासवर्ड 'अनोळखी वापरकर्ता' म्हणून नावाच्या रकान्यात उघडा पडतो. "वाचलास तरी वाचू नकोस," काका म्हणायचे. चौकट बघून पासवर्ड टाका, असं परिचारिकांना, डॉक्टरांना ते दरवर्षी हात जोडून सांगायचे. तीस वर्षांच्या डॉक्टरांनाही 'बाळांनो' म्हणायचे.

गेल्या महिन्यात एका सोमवारी काकांच्या खात्यावर अकरा चुकीचे प्रयत्न झाले. मंगळवारी चौदा. खातं साधं नव्हतं, साऱ्या इस्पितळाच्या किल्ल्या त्यात होत्या. बुधवारी साहेब घाम पुसत तळघरात उतरले.

"हल्ला आहे," काका म्हणाले. आवाज चढलेला. "माझ्या यंत्रावरून, मी यायच्या आधी कुणीतरी बसतंय. सकाळी या टेबलाशी मावशींशिवाय कोण येतं?"

मावशी म्हणजे आमच्या मजल्याच्या सफाईवाल्या. त्यांना स्वतःचा फोन उघडायचा तर त्या माझ्याकडे आणतात. मला हसू आलं, पण साहेबांना आलं नाही. त्यांनी तिथूनच पहारेकऱ्याला फोन लावला आणि चौकशी होईपर्यंत मावशींना दारातच थांबवायला सांगितलं. मला म्हणाले, "दुपारपर्यंत अहवाल दे. हल्ला असेल तर मावशींची आजच कायमची सुट्टी."

मी लॉग छापला. खरं सांगते, मी नाव दुमडलं नाही. आणि नावाच्या रकान्यातच मला ते दिसलं. काकांच्या खात्याच्या ओळींमध्ये अनोळखी वापरकर्ते अडकले होते, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. चिमणी४४. चिमणी४३. मंगळवारी चिमणी३०. बुधवारी चिमणी१२.

चिमणी म्हणजे त्यांची मुलगी. आता तिला दोन मुलं आहेत. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागतो आणि सगळेच आळशीपणानं पुढचा आकडा वाढवतात. काकाही तेच करत होते, एवढं बाकीच्यांना ओरडून. चव्वेचाळीस म्हणजे अकरा वर्षं. तो माणूस तीन दिवस आपल्याच आयुष्यात मागे मागे चालला होता आणि त्याला दार सापडत नव्हतं. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. मग चिडले, त्यांच्यावरच. हे असं व्हायला हाच माणूस मिळाला?

वर मावशी दाराशी उभ्या होत्या, बादली हातात घेऊनच.

मी दुसरी प्रत छापली, नावाचा रकाना नीट मागे दुमडला आणि काकांपुढे ठेवली. "काका, हे जरा बघता? मला कळत नाहीये."

त्यांनी चष्मा वर केला. चमचा कपात फिरत राहिला.

"यात न कळण्यासारखं काय आहे गं? नऊ वाजून चार, नऊ वाजून चार, मग चाळीस सेकंदांनी. यंत्र इतका वेळ विचार करत नाही. तिन्ही दिवस तीच वेळ, तेच यंत्र. पाच झाले की थांबला, खातं उघडल्यावर परत आला. हल्ला कसला, माणूस आहे. विसरलाय."

"नुसता पासवर्ड विसरलाय?"

ते पुढे वाचत गेले. चमचा थांबला.

"नाही," ते हळूच म्हणाले. "पासवर्ड विसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याकडे येतो, बदलून घेतो. याला काल चुकल्याचंच आठवत नाहीये. रोज पहिल्यापासून सुरू करतोय. अंतरं बघ, वाढतायत. म्हातारा असेल बिचारा. याला ओरडू नका. घरच्या कुणाला तरी बोलवा."

"आणि अधिकार?"

"काढायचे. आजच. बिचारा असला म्हणून किल्ल्या ठेवायच्या नसतात." आणि त्यांनी सवयीनं कागद उलगडला.

मी खाली बघत राहिले. त्यांनी कागद पुन्हा घडीवर दुमडला. ते म्हणाले, "मावशींना आत घे आधी."

मी पहारेकऱ्याला फोन केला. नंतर माझ्या यंत्रावरून त्यांचं खातं बंद केलं. ते शेजारी बसून बघत होते. पुष्टी विचारणारी चौकट आली तेव्हा माझं बोट अडलं. "दाब," ते म्हणाले. "शिकवलंय ना तुला?" अहवालावर त्यांनी स्वतः सही केली. तारीख मला विचारली.

मुलगी न्यायला आली. जाताना त्यांनी मावशींसमोर हात जोडले आणि मावशींना काय झालं ते कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "उद्या लवकर या हो, टेबल पुसून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरचा लॉग छापला. कर्मचाऱ्यांना घरून रजा टाकता यावी म्हणून इंटरनेटवर एक पान ठेवलंय, त्याचा. बाहेरच्या कुठल्याशा यंत्राचा अनोळखी पत्ता. नसलेला वापरकर्ता. असा पत्ता दिसला की तो लगेच अडवायचा, हा त्यांनीच घालून दिलेला नियम.

नऊ वाजून चार. नऊ वाजून चार. मग चाळीस सेकंदांनी. मग दोन मिनिटांनी. नावाच्या रकान्यात पुढे आकडा नव्हता. नुसतंच चिमणी.

मी कागद दुमडला. पत्ता अडवला नाही.