उणे चिन्ह

समस्त खान्देशवासीयांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एका मंगळवारी सकाळी जळगाव शहरात माझ्या सात वर्षांच्या आधी एक उणे चिन्ह लागले. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. घाबरण्याचे काम मी एकट्याने पुरेसे केलेले आहे.

मी धुळ्याच्या बाजूच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. चाळिशी ओलांडल्यावर मला पीएच.डी.ची हुक्की आली, त्याला आता सात वर्षं झाली. काचेच्या पट्टीवर टिन सल्फाइडचा पातळ थर चढवायचा, रसायनांच्या पेल्यात, स्टोव्हवर दूध तापवावं तितक्या निगुतीनं, असं माझं काम. या थराचा सगळा मान एका गोष्टीवर होता: तो पी-प्रकारचा अर्धवाहक असावा. म्हणजे त्यातून वीज वाहून नेणारे कण धन असावेत. मग त्यावर एन-प्रकारचा, ऋण कणांचा दुसरा थर चढवला की दोघांच्या सांध्यातून उन्हाची वीज निघते. प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं या सांध्यावर उभी होती, आणि 'पी-प्रकार' हे शब्द प्रबंधाच्या नावातच होते.

पुराव्यादाखल माझ्याकडे सोल्डरिंगची तापलेली सळई होती. तिचं टोक थराला टेकवायचं, दुसरीकडे गार टोक, आणि मीटरचा काटा कुठे झुकतो ते बघायचं. तो पी म्हणत होता. पीएच.डी.च्या समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसत विचारलं, "सळईवर पीएच.डी. द्यायची का? हॉल परिणाम मोजून आणा." मुदतवाढ आधी दोनदा घेऊन झाली होती. ही तिसरी, एका महिन्याची, आणि शेवटची.

हॉल परिणामाचं यंत्र जळगावच्या एका कॉलेजात होतं. ते सांभाळणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि दहापट शिस्तीच्या. प्रयोगशाळेचे मदतनीस नाना निवृत्तीला आलेले, पारोळ्याकडचे, बोलताना मध्येच अहिराणीत घसरणारे.

प्रकार तसा सोपा आहे. थरातून लांबीच्या दिशेनं वीज सोडायची आणि थराच्या सपाट अंगावर काटकोनात चुंबकाचं क्षेत्र लावायचं. वाहणारे कण मग एका कडेला लोटले जातात आणि दोन्ही कडांमध्ये आडवा, अगदी चिमूटभर व्होल्टेज तयार होतो. तो जितका लहान, तितकी वाहकांची संख्या जास्त. थराचा रोध मोजलेला असला की कण किती चपळ आहेत, तेही निघतं. आणि व्होल्टेजचं चिन्ह सांगतं की कण धन आहेत की ऋण.

बारीक खोच अशी की कडांवरचे दोन बिंदू कधीच नेमके समोरासमोर बसत नाहीत, त्यामुळे चुंबक नसतानाही थोडा खोटा व्होल्टेज येतोच. म्हणून क्षेत्र एकदा सुलट, एकदा उलट लावून दोन आकडे घ्यायचे आणि त्यांच्या फरकाचा निम्मा धरायचा. सुलट कुठलं आणि उलट कुठलं, हे मात्र आधी ठाऊक हवं. विजेवर चालणाऱ्या त्या चुंबकाची गुंडाळी नुकतीच दुरुस्त होऊन आलेली होती. कुठला ध्रुव उत्तर, याची खूण पुसली गेली होती.

"मी बघतो ना," मी म्हणालो. धुळ्याहून आणलेली माझी होकायंत्राची डबी मी दिमाखात काढली. विद्यार्थ्यांसमोर काढतो तशी. मॅडम दुसऱ्या खोलीत तासाला गेल्या होत्या. मी प्रवाह पूर्ण वाढवला आणि डबी थेट ध्रुवाला टेकवली. काटा काचेला चिकटून अडकला, तेव्हा मी डबी टिचकीनं वाजवली. मग प्रवाह कमी करून, हातभर अंतरावरून रीतसर पाहिलं, आणि दोन्ही ध्रुवांवर खडूनं 'उ' आणि 'द' लिहिलं. झोकदार अक्षरात.

आकडे सुरेख आले. वाहकांची संख्या अपेक्षेइतकी, चपळाई अपेक्षेपेक्षा बरी. चिन्ह उणे. म्हणजे माझा थर एन.

मी पुन्हा मोजलं. उणे. चांदीच्या लेपाचे ठिपके पुसून नवे लावले. तासभर वाळवले. उणे. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. माझ्या बॅगेत अकरा पट्ट्या होत्या. पाचवीनंतर मी बॅग उघडायला घाबरलो. मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, "नाव बदलावं लागेल प्रबंधाचं. आणि ती दोन प्रकरणं..." पुढचं मी ऐकलं नाही. वाक्य कुठे चाललंय ते कळत होतं. एनवर एन चढवून काहीही निघत नाही. बाकावर बसून प्रबंधाचं नवं नाव वहीत लिहून पाहिलं, हसू येईना, आणि मी लोकांना हसवणारा माणूस आहे.

दुपारी मॅडम जेवायला गेल्या. नाना दाराजवळच्या स्टुलावर पेपर वाचत होते. माझी नजर मीटरच्या मागे गेली. एक लाल वायर, एक काळी. दोघींची अदलाबदल केली की उण्याचं अधिक होतं. संख्या तीच, चपळाई तीच, फक्त चिन्ह बदललेलं. कोणी ओळखणार नव्हतं. मी लाल वायरीचा स्क्रू अर्धा सैल केला.

नाना पेपर ठेवून बाहेर गेले. मला वाटलं, देव पावला. पण हात पुढे जाईना. मी तसाच उभा राहिलो, स्क्रूवर बोट ठेवून, किती वेळ ते सांगता येत नाही.

मॅडम आल्या त्या हातात पोळीचा घास घेऊनच. "सर, तुमची पट्टी काढा. आपल्याकडचा जर्मेनियमचा स्फटिक लावू. तो एन आहे, माहितीचा आहे." त्यांनी सैल स्क्रू पाहिला, घट्ट केला आणि स्फटिक बसवला.

स्फटिक अधिक आला. म्हणजे पी.

"हा कसा पी होईल?" मॅडम म्हणाल्या. "ध्रुव कशावरून ठरवले तुम्ही?"

मी डबी दिली. त्यांनी ती उघडली नाही, सरळ गच्चीकडे निघाल्या. लोखंडापासून लांब, मधोमध उभ्या राहिल्या. हवा धुतल्यासारखी होती, आणि लांबवर सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. माझ्या होकायंत्राचं उत्तर दाखवायचं लाल टोक सातपुड्याकडे पाठ करून अजिंठ्याच्या डोंगराकडे बोट दाखवत होतं.

"नाना, सातपुडा उत्तरेलाच आहे ना अजून?"

"काल तरी व्हता, मॅडम."

काट्याचं चुंबकत्व मीच उलटवलं होतं. पूर्ण प्रवाहावर, ध्रुवाला टेकवून, अडकलेल्या काट्याला टिचक्या मारत. खडूची दोन्ही अक्षरं पुसून आम्ही जागा बदलून लिहिली. जर्मेनियम एन झाला. माझी पट्टी लावली. पी. दुसरी, पी. अकराच्या अकरा पी. मॅडमनी प्रत्येक आकडा वहीत लिहून सही केली, आणि मला बसायला खुर्ची दिली.

मग मला कोण जाणे काय झालं. सांगायची काहीच गरज नव्हती, पण मी बोलून बसलो. "मॅडम, तुम्ही आणखी थोड्या उशिरा आला असतात, तर मी त्या वायरी बदलल्या असत्या."

मॅडम काही बोलायच्या आत दारातून नानांच्या तोंडून निघून गेलं, "म्हाईत शे सर, म्हणून तं त्यांना ताटावरून उठवून आणलं."