आठ वाजता जाणारं नाव

सोसायटीतली पोरं त्याला वायरकाका म्हणायची. इंटरनेटच्या कंपनीत सोळा वर्षं जिने चढून त्याच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. त्यात आज साहेबांनी फोनवर खडसावलं होतं, "त्याच घरातून तिसरी तक्रार! लाइन नीट करायला जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस देतो."

लाइन ठणठणीत होती, हे वायरकाकाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या घरातल्या बाईंनीच महिन्यापूर्वी त्याला हळूच बाजूला घेतलं होतं. पोरगी टॅब सोडत नाही, अभ्यासाच्या नावानं बोंब. मग त्याने राउटरच्या सेटिंगमध्ये वेळापत्रक लावून दिलं. रोज रात्री आठ ते दहा वाय-फाय बंद, दहाला आपोआप चालू. आणि नेहमीचा सल्लाही दिला, "विचारलं तर लाइन खराब आहे म्हणा. मी आहेच." अशी अकरा घरं त्याने सांभाळली होती. लोकांच्या घरातली कटकट मिटते, यात त्याला पुण्यच वाटायचं.

तिसरा मजला गाठेपर्यंत आठ वाजून गेले. दार बाईंनी उघडलं. दिवसभर दवाखान्यात उभं राहून चेहरा पार उतरलेला.

"तक्रार? मी कशाला करू?" त्या गोंधळल्या. "माझ्या फोनवर तर सगळं चालतंय."

चालणारच. वाय-फाय गेलं की त्यांचा फोन गुपचूप सिमकार्डच्या नेटवर जायचा. टॅबला सिम नव्हतं.

"मी केली," आतून आवाज आला. सातवीतली मुलगी दारात उभी होती, टॅब छातीशी धरून. "तुझ्या फोनवरून. तीनदा."

"अगं, पण का?"

मुलीने टॅब वायरकाकापुढे धरला. नेटवर्कच्या यादीत शेजाऱ्यांची चार नावं होती, त्यांच्या घराचं मात्र नव्हतं. "रोज आठला आपलं नावच जातं, काका. राउटरचे बाकीचे दिवे लागलेले असतात, वाय-फायचा तेवढा विझतो. दहाला परत येतो."

वायरकाकाने मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. लाइन गेली असती तर नाव यादीत राहिलं असतं आणि खाली 'इंटरनेट नाही' असं आलं असतं. पोरीची नजर बारीक होती.

"माझ्यामुळे झालंय," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "धूळ पुसताना माझ्या हातून राउटर पडला. त्याच दिवसापासून होतंय. आई आधीच इतकी दमते, तिला कसं सांगू? दुरुस्त होईल म्हणून तक्रार केली. आठ वाजत आले की त्याच्याकडेच बघत बसते. पुस्तक उघडते, पण डोक्यात काही शिरत नाही."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. ज्या दोन तासांत अभ्यास व्हावा म्हणून हा खटाटोप केला, ते दोन तास पोर राउटरकडे बघत बसली होती.

वायरकाकाने बाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली. त्याने लॅपटॉप काढला, केबल राउटरला जोडली. वाय-फाय बंद असलं तरी तारेवर नेट चालू होतं. सेटिंगचं पान उघडून त्याने मुलीला जवळ बोलावलं. "हे बघ. रोज, आठ ते दहा, बंद. हे मी लावलंय. तू काही मोडलेलं नाहीस."

मुलीने ती ओळ दोनदा वाचली. मग आईकडे वळली. "मला सांगितलं का नाहीस?"

"रोज 'नको' म्हणून म्हणून मी थकले गं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, एकदा तरी वाईटपणा त्या डब्याने घ्यावा."

मुलगी मग वायरकाकाला म्हणाली, "मागच्या वेळी आई दवाखान्यात असताना आलात, तेव्हा तुम्ही मला लाइन खराब आहे म्हणालात."

"हो," तो म्हणाला. "खोटं बोललो."

सोळा वर्षांत साहेबांच्या शिव्यांनी त्याचं काही बिघडलं नव्हतं. या पोरीच्या एका वाक्यानं मात्र त्याची मान खाली गेली. त्याने ती ओळ खोडायला हात नेला.

"राहू द्या," मुलगी नाक पुसत म्हणाली. "फक्त साडेनऊपर्यंत करा. चालेल ना, आई?"

त्याने दहाचे साडेनऊ केले, सेव्ह केलं आणि जिना उतरला. गुडघे ठणकत होते. दहा घरी अजून हेच खोटं चालू होतं. आणि त्यातलं एक घर त्याचं स्वतःचं होतं.

घरी पोचल्यावर बूट काढायच्या आधी त्याने दोन्ही मुलांना हाक मारली.