बुकिंग स्वीकारा

मुरुडला आमचं तीन खोल्यांचं लॉज आहे. तिथेच बसून मी लॉजवाल्यांसाठीच्या एका ॲपचे व्हिडिओ लिहायचे, नव्या माणसाला ॲप वापरायला शिकवणारे. पहिला मसुदा दीड मिनिटाचा झाला: बुकिंग स्वीकारा, भाडं बदला, तारखा बंद करा, आणि हे सगळं का करायचं, तेही. माझी शाळा इंग्रजीतली. मराठीत चुकू नये म्हणून मी जरा जास्तच समजावते.

आईला दाखवला. लॉज तिचंच, बाबा गेल्यापासून तिने एकटीने चालवलेलं.

"अगं, हा व्हिडिओ आहे की सत्यनारायणाची कथा? प्रसाद कधी?"

ॲपच्या टीममधल्या ताईंनीही फोनवर तेच सांगितलं. एका क्लिपमध्ये एकच कृती. कुठे बघायचं, काय दाबायचं, दाबल्यावर काय दिसेल. बाकी सगळं काढ.

मी एकाच्या तीन क्लिप केल्या. पहिलीत एवढंच उरलं: "नव्या बुकिंगखालचं हिरवं 'स्वीकारा' बटण दाबा. 'बुकिंग नक्की' असं दिसलं, की झालं."

आईने पाहिलं, दाबलं, जमलं. दुपारी खरंच बुकिंग आलं, तेव्हा तिने फोन माझ्यापुढे धरला. "हे कसं करायचं गं?"

मला वाटलं, क्लिपच अजून अवघड आहे. मी दुसरं वाक्य काढून ते नुसतं पडद्यावर दाखवलं. बटणाभोवती गोल करून घेतला. शेजारच्या लॉजच्या काकांनी एकदाच पाहून बुकिंग घेतलं. "एवढंच? उगाच पोराच्या विनवण्या करत होतो!" आई मात्र रोज नव्याने विचारायची आणि मी छाटत राहायचे.

एका सकाळी तिने ती एका वाक्याची क्लिप पाहिली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "अगं, हा व्हिडिओ आहे की सत्यनारायणाची कथा? प्रसाद कधी?"

अगदी आत्ताच सुचल्यासारखं. मी हसले. ती माझ्या हसण्याची वाट बघत होती.

अलिबागला डॉक्टरांनी तिला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं. द्यायची परवानगी नव्हती.

ताईंना क्लिप्स आवडल्या. "आता कुणालाही जमेल," त्या म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं. घरचं काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आईने एकच खोली फोनवर दोन कुटुंबांना दिली. बॅगा घेऊन दोघंही दारात. ती दोघांची माफी मागत राहिली, नेमकी कशाबद्दल ते न कळता.

ते गेल्यावर मी ॲप उघडलं आणि आमच्या खोल्या एकेक करून बंद केल्या. प्रत्येक वेळी ॲप विचारत होतं, कधीपर्यंत? मी पुढच्या वर्षीची तारीख टाकली. मागे अंगणात आई चादरी झटकून वाळत घालत होती.

"उद्या कोण येतंय गं?"

"बघते," मी म्हटलं.