उंबऱ्यातला बूट

बोदिलने दारात बूट काढले आणि मोज्यांवरच आत गेली. एवाल्डच्या घरात कुणीच पायताण घालून वावरत नसे. त्याची बायको सिग्ने जाऊन काही वर्षं झाली होती, तरी तिने साबणाने घासून पांढरी केलेली लाकडी जमीन म्हातारा तशीच राखत होता.

गावातल्या घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, हे बोदिलचं काम. वसंतात नवरा गेल्यापासून ते काम तिचे हातच करत होते. गाडी चालवायची, हात धुवायचे, पट्टी सोडायची, नवी बांधायची. ती स्वतः कुठेतरी मागेच राहून गेली होती. तिला रडू येत नव्हतं, कशाची भीतीही वाटत नव्हती. समुद्रावरचा वारा खिडकीवर आपटे तेव्हा तो आपटतोय एवढंच तिला कळे.

"कॉफी गार होतेय," एवाल्ड म्हणाला. आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस. मधुमेहाने त्याचे तळवे कधीच बधिर केले होते. उजव्या चवड्याखाली जखम झाली तेव्हाही त्याला कळलं ते मोज्यावरचा डाग पाहून.

"आधी पाय, मग कॉफी."

"माझी बायकोसुद्धा इतका हुकूम चालवत नव्हती."

सुरुवातीला जखम लाल, सुजरी आणि ओली होती. त्या दिवसांत ते व्हायचंच. शरीर आधी साफसफाई करतं. पाणी जास्त म्हणून बोदिलने समुद्री शेवाळाच्या धाग्यांची पट्टी लावली, तेव्हा एवाल्ड खदखदून हसला होता. "चाळीस वर्षं जाळ्यातून उपसून फेकलं, ते आता पायाला बांधतेस?" पुढे तळातून तांबूस, दाणेदार मांस भरू लागलं, कडांनी फिकट गुलाबी कातडी आत सरकू लागली. ओल कमी झाल्यावर बोदिलने मऊ फोमची पट्टी सुरू केली. नंतर मात्र जखम जिथल्या तिथेच थांबली. बोदिल नोंद करत राहिली आणि पट्ट्या बांधत राहिली.

"आज ती चिकटून बसणारी जाड पट्टी लाव," तो म्हणाला. "आठवडाभर बघायला नको. तुझीही एक खेप वाचेल. आणि ऐक, बरी बातमी आहे. पाय जागा झालाय."

"म्हणजे?"

"रात्री दुखत होता. जरासाच, सांगण्यासारखं काही नाही. पण इतक्या वर्षांनी दुखला ना!"

बोदिलचा हात थांबला. न दुखणारा पाय दुखायला लागला होता, आणि म्हातारा आनंदाने सांगत होता.

तिने पट्टी सोडली. फोम वेळेआधीच काठापर्यंत भिजला होता. जखम धुतली, तरी वास गेला नाही. परवापर्यंत तांबूस असलेलं मांस काळपट दिसत होतं आणि नुसत्या स्पर्शाने त्यातून रक्त आलं. एका कडेखाली पोकळी झाली होती. निर्जंतुक सळई आत गेली आणि टणक हाडाला टेकली. तिने हाताची उलटी बाजू आधी या पायावर, मग त्या पायावर ठेवली. जखमेचा पाय गरम होता. लाली फार पसरली नव्हती. पुढे वाढली तर कळावी म्हणून तिने लालीच्या कडेने पेनाची रेघ ओढली.

"ताप नाहीये मला," एवाल्ड म्हणाला.

"ताप येईपर्यंत थांबायचं नाही. जाड पट्टी शांत जखमेला चालते. इथे लावली तर घाण आतच कोंडेल." तिने जंतू मारणारी चांदी असलेली, हवा कोंडून न धरणारी पट्टी हलकेच ठेवली. "हीसुद्धा पुरणार नाही. आजच्या आज इस्पितळात जायचं."

"पाय कापतील?"

"लवकर गेलात तर वाचेल असं वाटतं. वचन देत नाही."

पाय गेला, तर या घरात त्याला एकट्याला राहता येणार नव्हतं.

फोन करून ती दाराशी आली, तेव्हा तिला त्याचा बूट दिसला. चवड्यावर भार पडू नये म्हणून दिलेला करडा बूट तिच्या बुटांशेजारी नीट मांडून ठेवला होता. प्रत्येक खेपेला तो तिथेच होता. पट्टी सोडायची म्हणून त्याने काढला असेल, असं ती धरून चालली होती.

"एवाल्ड, हा घरात घालत नाही तुम्ही?"

"घरात?" त्याला तिचा प्रश्नच कळला नाही. "सिग्नेच्या जमिनीवर?"

बोदिलच्या छातीत काहीतरी किंचित दुखलं. तिने तिथे हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला.

शस्त्रक्रियेत पोकळी उघडून साफ केली. एक बोट आणि त्यामागचं किडलेलं हाड गेलं, पण पाय राहिला. हिवाळाभर औषधं चालली. तो घरी परतला तेव्हा बोदिल गेली. या वेळी बूट उंबऱ्यात नव्हता. एवाल्ड स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन आला, सावकाश, करड्या बुटात. पांढऱ्या लाकडावर त्याच्या मागे दारापर्यंत बुटाच्या तळाच्या काळ्या खुणा उमटल्या होत्या.

तो खुणांकडे बघत राहिला. "रागावली असती ती," तो म्हणाला.

"हो," बोदिल म्हणाली, आणि पट्टी सोडायला खाली बसली.