तीस लिटरचा वाघ

एक लिटर रांगोळी म्हणजे एक किलो, असं मी धरून चाललो. आणि मी शाळेत गणित शिकवतो.

चामोर्शीच्या एका सभागृहात बचतगटाच्या बायका जमिनीवर जंगल आणि वाघ काढणार होत्या. चांगला उतरला, तर जिल्ह्याच्या महोत्सवातल्या रांगोळीचं कामही त्यांनाच मिळणार होतं. गटप्रमुख बाई धानाचं काम सोडून आल्या होत्या. रंग किती लागेल, ते सांगायची हौस माझी.

चौकट सहा मीटर बाय पाच, म्हणजे तीस चौरस मीटर. फरशी दिसू नये म्हणून थर एक मिलिमीटरचा. तीस चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे तीस लिटर. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. रंगाच्या दुकानातले चाचा म्हणाले, "सर, एक डबा भरून तोलून तर बघा."

"चाचा, हिशेब झाला आहे," मी म्हणालो. "तीस किलो द्या."

बायकांनी वाघाच्या तोंडाकडून भरायला घेतलं. चाळणीतून रंग अगदी सारखा पडत होता. जेवणाच्या सुट्टीआधीच पोती रिकामी झाली. वाघ पोटापर्यंत आला होता, मागे दहा चौरस मीटर फरशी तशीच. महोत्सवाचं काम ठरवणारे पाहुणे साहेब चारला बघायला येणार होते.

"पातळ थर देऊ या," मी सुचवलं.

"फरशी दिसन ना सर," बाई म्हणाल्या. "मंग वाघ कायले काढला?"

मी दुकानात धावलो. चाचांनी लिटरचा डबा रांगोळीनं काठोकाठ भरला आणि काट्यावर ठेवला. दीड किलो. "पत्थर का चुरा है सर, पाणी थोडंच आहे," ते म्हणाले. म्हणजे तीस लिटरला पंचेचाळीस किलो हवे होते. पंधरा कमी. दुकानात केशरी आणि हिरवा मिळून पाचच किलो उरले होते, पांढरी मात्र भरपूर. दोन्ही घेऊन परतलो.

बाईंनी डोक्याला हात लावला नाही. एक भाग रंग, दोन भाग पांढरी, असं परातीत मिसळलं. पाचाचे पंधरा झाले. पावणेचारला शेपटीचं टोक भरलं. वाघ पुढून गर्द केशरी, मागून धुतल्यासारखा फिका.

पाहुणे साहेब बराच वेळ बघत उभे राहिले. वाघ त्यांना आवडला. महोत्सवाचं काम बायकांनाच, म्हणाले. मग शेपटीपाशी थबकले. "हा मागचा भाग फिका का आहे?"

मी पुढे झालो. "साहेब, ते उन्हाचं... म्हणजे झाडांमधून येणारा प्रकाश..."

"ऊन नाई न काई नाई साहेब," बाई म्हणाल्या. "सरांचं गणित पोटापर्यंतच पुरलं."