कपाटातला तपकिरी पाइप

पिलाजीराव मोहिते हे नाव ऐकलं की माणसाच्या डोळ्यांपुढे पागोटं, तलवार आणि घोडा येतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या पिलाजीरावांकडे यातलं काहीही नव्हतं. पणजोबा सरकारवाड्यावर कोणत्याशा मानाच्या जागेवर होते म्हणे. पणतू प्लंबर. पिशवीत पाने, पक्कड, वायसर आणि स्कूटरच्या डिकीत वेटोळी घातलेले पाइप. त्यांना याचं दुःख वगैरे काही नव्हतं. उलट, "वाड्याला पाणी तर कोणीतरी आणलंच असेल ना?" असं म्हणून ते मोठ्याने हसायचे.

एक खोड मात्र जबरी. बिघडलेली वस्तू बदलून गप्प बसणं या माणसाच्या रक्तात नव्हतं. ती बिघडली का, हे कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे. जुने नळ, फुटलेले कॉक, चिरलेले पाइप ते घरी आणत, करवतीने चिरून आत बघत. त्यांची बायको नलिनी म्हणायची, "डॉक्टर मेलेल्या पेशंटांना घरी आणत नाहीत हो." पण ऐकतंय कोण?

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीच्या, यशश्रीच्या साखरपुड्यात, त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला पाइप फुटावा, याला काय म्हणायचं?

कार्यालय आपल्याच मराठी लोकांचं, ट्रस्टचं. दोन हजार सालच्या आसपास सगळीकडे ग्रॅनाइट आणि चकचकीत कपाटांचं वेड आलं होतं, तसं तिथेही आलं. जेवणाच्या हॉलबाहेर आठ बेसिनं ओळीने, खाली बंद दारांची कपाटं. त्या बेसिनांना पिलाजीरावांनीच पोलादी जाळीचे कनेक्शन पाइप बसवले. भिंतीतल्या अँगल कॉकपासून वरच्या नळापर्यंत जाणारे, हातभर लांबीचे, वाकणारे. व्यवस्थापक मोहनरावांना तेव्हा छाती काढून सांगितलं होतं, "दहा वर्षं इकडे बघायचं काम नाही."

त्याला तीन वर्षंही झाली नव्हती. पहिली पंगत उठली, मंडळी हात धुऊन बाजूला झाली, आणि शेवटच्या बेसिनखालच्या कपाटाचं दार धाडकन उघडून पाण्याचा फवारा थेट समोर आला. समोर होत्या होणाऱ्या विहीणबाई, नव्या कोऱ्या पैठणीत. फेटा बांधलेले पिलाजीराव गुडघ्यांवर बसले, कपाटात हात घालून अँगल कॉक आवळला, पाणी थांबलं. तोपर्यंत पैठणी चिंब. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपाच. पण व्याही प्रतापसिंहराव शांतपणे विचारते झाले, "काम कुणाचं हो हे?"

"आमचंच," पिलाजीराव म्हणाले.

"असं होय," प्रतापसिंहराव म्हणाले, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! ते "असं होय" पिलाजीरावांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. ज्या घरात पोरगी द्यायची, त्या घराला आपला हात कच्चा वाटावा, ही गोष्ट त्यांना सहन होणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कार्यालयात हजर. आठही पाइप सोडवून त्यांनी हॉलच्या फरशीवर ओळीने मांडले. आणि मग चक्रावलेच. एकाच दुकानातले, एकाच खोक्यातले, एकाच दिवशी बसवलेले पाइप. पण दाराकडचे पाच नव्यासारखे लखलखीत, आणि मुदपाकखान्याकडचे तीन तपकिरी डागांनी भरलेले. त्यातला एक फुटलेला. दुसऱ्याला मधोमध फुगवटा, तिथे जाळीचे विणलेले पदर एकमेकांपासून सरकलेले. तिसऱ्यावरून त्यांनी जुन्या धोतराचं फडकं फिरवलं, तर ते जागोजागी अडकलं. तुटलेल्या तारांची टोकं वर आली होती. नटाजवळ जाळीचं टोक दाबून धरणाऱ्या कडीवर पांढरट हिरवट पूड साचलेली.

"माल खोटा असेल," मोहनराव म्हणाले.

"मग पाच चांगले कसे?"

"तुम्ही पीळ देऊन बसवले असतील. नाहीतर जास्त आवळले."

हा बाण वर्मी लागला. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी तीनही पाइप नीट पाहिले. पीळ नव्हता, घडी पडलेली नव्हती, नटातला रबरी वायसर चिरडलेला नव्हता. मग करवत काढली आणि फुटलेला पाइप उभा चिरला. आतली रबरी नळी, फाटलेली जागा सोडली तर, छान मऊ होती. तार मात्र बोटाने वाकवली की शिळ्या शेवेसारखी कटकन मोडत होती.

म्हणजे रबर आधी गेलं नव्हतं. तार आधी गेली. पाण्याचा जोर खरा धरून ठेवते ती तारेची जाळी. नळ बंद असला तरी कॉक उघडा असेपर्यंत पाइपावर तो जोर रात्रंदिवस असतोच. जाळी तुटली, रबर फुगलं, आणि फुगता फुगता फुटलं. इथवर उलगडलं. पण तार का गेली? पाणी तर आठही पाइपांत एकच होतं.

तेवढ्यात कार्यालयाची साफसफाई बघणाऱ्या मंदाबाई बादली घेऊन आल्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. "भाऊ, त्या छेल्ल्या, टोकाच्या कपाटात डोकं घालू नका हं. दार खोललं की डोळे बळतात माझे तर."

"डोळे जळतात? का?"

"ॲसिडची बाटली ने आत! बोअरचं पाणी, लादीवर सफेद थर जमतो. ॲसिडशिवाय जातो कुठे? पहेलां मी बहार ठेवायची. लग्नात पोरंबाळं येतात, कुणी हात लावेल, म्हणून साहेब बोलले आत ठेवा."

साहेब म्हणजे मोहनराव. ते छताकडे बघू लागले. सांगितलं ते काही वाईट बुद्धीने नव्हतं. मुलांचीच काळजी होती.

पिलाजीरावांनी मात्र कपाटात खरंच डोकं घातलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाकाला झिणझिण्या आल्या, आणि ते आतूनच ओरडले, "बराबर! बराबर!" शेवटच्या तीन बेसिनांखालचं कपाट एकच होतं. कोपऱ्यात हातगाडीवाल्याकडची बाटली, तिला ढिलं बूच. वाफ निघायची ती दार बंद असल्यामुळे आतल्या आत कोंडायची आणि तारेवर बसायची. बाकीच्या कपाटांत नुसते झाडू.

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पिलाजीराव थांबले नाहीत. घरी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी ढिल्या बुचाची ॲसिडची बाटली ठेवली, वर नव्या पाइपाचा तुकडा टांगला आणि झाकण लावलं. त्याच पाइपाचा दुसरा तुकडा कपड्यांच्या दोरीवर. नलिनीने पापड दुसऱ्याच्या गच्चीवर नेऊन वाळवले आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. यशश्री रोज संध्याकाळी तोंडाला ओढणी लावून बापाबरोबर डब्यात डोकावायची. "बाबा, आला! डाग आला!" असं ती ओरडली, तेव्हा पिलाजीरावांना इतका आनंद झाला की तेवढा साखरपुड्यातही झाला नव्हता. पाठोपाठ मनात आलं, ही पोरगी गेली की गच्चीवर कोण येणार?

कार्यालयातले आठही पाइप त्यांनी बदलले. नट हाताने बसेल तेवढा फिरवायचा, मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही. ॲसिडसाठी मागच्या भिंतीला उघड्या हवेत कुलपाची जाळीदार पेटी लावून दिली. आणि दोन्ही तुकडे, डागाळलेला आणि लखलखीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, ते शहराच्या वेशीवरच्या छाणीला निघाले. प्रतापसिंहरावांच्या बंगल्यावर. आता त्या "असं होय"ला उत्तर द्यायचंच.

वाटेत भाषण पाठ झालं होतं. व्याह्यांनी आगतस्वागत केलं. "या, बेसा. आधी हातपाय धुऊन घ्या, मग चहा." पिलाजीराव स्वयंपाकघराजवळच्या बेसिनपाशी गेले. हात धुतले. आणि सवयीने वाकून खालचं कपाट उघडलं.

डोळे चुरचुरले. आत ॲसिडची बाटली. तिच्या शेजारी तपकिरी पाइप, मधोमध फुगलेला. नटाखाली ओलसर.

हे म्हणजे देवाने ताटात वाढलेलं होतं. पिशवीत पुरावा, समोर व्याह्यांचीच चूक, आणि मागे चहाचा कप घेऊन व्याही उभे. एक शब्द बोलले असते तर साखरपुड्याचं उट्टं निघालं असतं.

पण पिलाजीरावांना तेव्हा व्याही दिसलेच नाहीत. दिसली ती यशश्री. लग्नानंतर याच बेसिनशी उभी, सकाळी घाईत, पायांशी हे कपाट. त्यांचा हात आपोआप आत गेला आणि अँगल कॉक बंद झाला. वरचा नळ उघडून त्यांनी साचलेला जोर सोडला.

"काय झालं?" प्रतापसिंहराव घाबरून म्हणाले.

"काही नाही. स्कूटरमध्ये नवा पाइप आहे, आणतो. ही बाटली तेवढी बाहेर मोकळ्यावर ठेवू."

पाइप बदलून होईस्तोवर प्रतापसिंहराव शेजारीच उकिडवे बसले होते, विजेरी धरून. मधून मधून विचारत होते. हा डाग कशाने? हे फुगलं कसं? पिलाजीराव सांगत होते, आणि सांगता सांगता इतके रंगले की भाषण आठवलंच नाही. नटाखाली कोरडा कागद ठेवून, कॉक उघडून दोघांनी वाट पाहिली. कागद कोरडा राहिला.

"त्या दिवशी कार्यालयातही असंच झालं होतं का हो?" प्रतापसिंहरावांनी हळूच विचारलं.

"असंच."

व्याह्यांनी बाटली उचलून दाराबाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवली. "मी भलतंच समजलो होतो. माफ करा." मग नव्या पाइपावर बोट फिरवून म्हणाले, "आता हा किती वर्षं टिकेल?"

दहा वर्षं, हे शब्द जिभेवर आले होते. पिलाजीरावांनी ते गिळले. "पाच-सहा वर्षांत बदलायचा. वरून नवा दिसला तरी. आणि मध्येमध्ये विजेरी घेऊन बघायचा. डाग, फुगवटा, ओल, तुटलेली तार. यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही."

"हे आम्हाला काय कळणार? तुम्हीच येत जा की. दर दिवाळीला, दर पाडव्याला. मध्ये वाटलं तर मध्येसुद्धा."

पिलाजीराव पाना पुसत होते, ते थांबले. मुलीच्या सासरी बापाने सारखं जायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्याच विचाराने गेले कित्येक दिवस त्यांना गच्चीवर एकट्याने जाववत नव्हतं.

"येईन," ते म्हणाले. मग पाना पिशवीत टाकत पुन्हा एकदा म्हणाले, "नक्की येईन. पाइप बघायला."

"हो, पाइपच बघायला," प्रतापसिंहराव म्हणाले, आणि गार झालेला चहा बदलून आणायला आत गेले.